साडेसातला मोकळे, नऊनंतर लगदा: चायनीजच्या गाडीवरचा रोजचा त्रास आणि त्याचं मूळ

नाशिकला आमची चायनीजची गाडी आहे. गेल्या हिवाळ्यात सलग तीन आठवडे एकच तक्रार येत होती. संध्याकाळी साडेसातला जो माणूस हक्का नूडल्स खायचा, तो खूष. तोच माणूस दुसऱ्या दिवशी साडेनऊला आला की म्हणायचा, "ताई, आज मास्टर बदलला का?" मास्टर तोच, कढई तीच, नूडल्सचं पाकीट तेच, सॉसही तोच. पण प्लेटमध्ये नूडल्स एकमेकांना चिकटलेले, कोबी मऊ पडलेली, तळाशी तपकिरी पाणी. राइसची तर खिचडीच. आणि तो धुरकट खमंग वास, ज्याच्यासाठी लोक घरी न करता गाडीवर येतात, तो अजिबात नाही.

गर्दीची वेळ आणि माल बिघडण्याची वेळ एकच असल्यामुळे सगळ्यांना वाटत होतं की मास्टर घाई करतोय. मलाही तेच वाटलं. आणि इथेच आमचे तीन आठवडे वाया गेले.

आधी संशय घेतला नूडल्स उकळण्यावर. दुपारी चार वाजता आम्ही नूडल्स हाफ बॉइल करतो. भरपूर पाण्यात मीठ आणि चमचाभर तेल टाकून, मधे कणी जाणवत असतानाच चाळणीत ओतायचे, लगेच गार पाणी, मग तेलाचा हात. सगळं बरोबर होतं, फक्त एक चूक होती. पोऱ्या ते चाळणीतून लगेच डब्यात भरून झाकण लावत होता. आतल्या उरलेल्या उबेने वाफ धरते आणि डब्याच्या तळाला ओंजळभर पाणी साचतं. आता चाळणीत वीस मिनिटं निथळू देतो, मग परातीत पसरतो. राइसचंही तसंच: दाणा थोडा कच्चट असताना काढायचा, मोठ्या ट्रेमध्ये बोटभर जाडीचा थर करून पंख्याखाली गार करायचा. (शिजलेला भात तासन्‌तास कोमट ठेवू नये, त्यात पोट बिघडवणारे जिवाणू वाढतात. पटकन गार करून फ्रीजमध्ये ठेवावा आणि लागेल तसा काढावा. रात्री उरलेला दुसऱ्या दिवशी विकू नये.)

याने फरक पडला, पण साडेसातच्या प्लेटला जास्त आणि साडेनऊच्या प्लेटला कमी. म्हणजे मूळ दुसरीकडे होतं. बिघाड वेळेप्रमाणे येत असेल, तर जी गोष्ट दिवसभर सारखीच असते तिच्यावर किती दिवस डोकं फोडायचं? उकळलेले नूडल्स चारला जसे, तसेच नऊला. बदलतं काय? गर्दी बदलते, एका वेळी कढईत पडणारा माल बदलतो, आणि आच.

आचेचा विचार मास्टरने आधीच केला होता. "ताई, गॅस मंद वाटतोय," तो दोनदा म्हणाला होता. मी रेग्युलेटरची चावी बघितली, पूर्ण उघडी. बर्नर साफ करून घेतला. ज्वाळा निळीच होती, पिवळी नव्हती, कढईच्या बुडाला काजळीही धरत नव्हती. हे लक्षण महत्त्वाचं आहे. ज्वाळा पिवळी आणि बूड काळं पडत असेल तर हवेचा मार्ग तुंबलेला असतो, साफ केला की काम होतं. पण बर्नर साफ करूनही ज्वाळा निळी, फक्त बुटकी आणि मवाळ असेल, तो घुर्र आवाज येत नसेल, तर बर्नर ठीक आहे आणि त्याच्यापर्यंत येणाऱ्या गॅसचा दाबच कमी आहे.

डोळ्यांनी आच मोजता येत नाही. संध्याकाळच्या उजेडात आणि रात्रीच्या अंधारात तीच ज्वाळा वेगळी दिसते. म्हणून मग एक साधी परीक्षा केली. रिकामी कढई पाण्याने निववून घेतली, त्यात मोजून एक लिटर नळाचं पाणी ओतलं, चावी पूर्ण उघडली आणि मोबाइलवर वेळ लावली. संध्याकाळी सातला पाणी १ मिनिट २० सेकंदांत खदखदलं. रात्री साडेनऊला त्याच पाण्याला २ मिनिटं ४० सेकंद लागली. बरोबर दुप्पट. म्हणजे नऊनंतर आमच्या कढईखाली अर्धीच आच होती, आणि त्याच वेळी आम्ही तिच्यात दुप्पट माल टाकत होतो.

आता गॅस अर्धा का? टाकी संपत आली म्हणून, असं पहिलं उत्तर. पण त्या दिवशी टाकी नवीन लावलेली होती आणि शेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर उभी करून बघितली तर निम्म्याहून जास्त गॅस शिल्लक. मग पोऱ्याने टाकीला हात लावला आणि झटकन काढला. खालचा अर्धा भाग बर्फासारखा गार. वरचा भाग कोरडा, आणि मधे कोणी पट्टा बांधावा तसं दवाचं वर्तुळ. बाहेर थंडी होतीच, पण टाकी हवेपेक्षाही कितीतरी गार होती.

टाकीत गॅस द्रवरूपात असतो. चावी उघडली की तो उकळून वायू होतो आणि वर येतो. उकळायला उष्णता लागते, आणि टाकीला ती कोण देणार? आजूबाजूची हवा, टाकीच्या पत्र्यातून. आपण हळूहळू गॅस घेतला तर हवा टाकीला पुरेशी ऊब देत राहते. पण वॉकचा मोठा बर्नर आणि शेजारी मंचुरियन तळायची कढई, दोन्ही एकाच टाकीवर चालवले तर मागणी जास्त होते. द्रव स्वतःचीच उष्णता खर्च करून उकळतो, म्हणून गार पडत जातो, आणि गार द्रवाचा दाब कमी असतो. दवाचं वर्तुळ आहे तिथपर्यंत द्रव आहे असं समजायचं. त्यातून आपला स्वयंपाकाचा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन यांचं मिश्रण. प्रोपेन लवकर उडतो, ब्यूटेन मागे राहतो. ब्यूटेन तर शून्य अंशाच्या जवळपासच उकळणं थांबवतो. म्हणून थंडीत, आणि टाकी अर्ध्यावर आल्यावर, हा त्रास वाढतो. द्रवाला टेकलेला पत्रा कमी, म्हणजे ऊब घ्यायची जागाही कमी.

काट्यावर टाकी ठेवून एक तास काम केलं. सात ते आठमध्ये १ किलो ७०० ग्रॅम गॅस गेला. एकटी १९ किलोची टाकी थंडीत सतत इतका गॅस देऊ शकत नाही, थोड्या वेळाने दमते. पहिला तास-दीड तास ती आपली साठवलेली ऊब देते, म्हणून साडेसातच्या प्लेट मस्त. मग ऊब संपते. रात्रभर बंद राहिली की हवेची ऊब घेऊन सकाळी टाकी पुन्हा ताजी. त्यामुळे सकाळी गॅसवाल्याला बोलवा, तो तपासतो आणि म्हणतो, "सगळं ठीक आहे." खरंच ठीक असतं, त्या वेळी.

यावर लोक जे उपाय करतात त्यातले काही मी बघितले आहेत आणि एक स्वतः केला आहे. मी टाकीला गोणपाट गुंडाळलं. थंडी वाजू नये म्हणून पोराला चादर घालावी तसं. उलटा परिणाम झाला, कारण टाकीला ऊब बाहेरच्या हवेकडूनच मिळते आणि गोणपाटाने तीच वाट अडवली. टाकीवर उकळतं पाणी ओतणे, खाली पेटती काडी धरणे, टाकी बर्नरच्या जवळ सरकवणे, हे जीवघेणं आहे. टाकी आडवी करणं तर सगळ्यात वाईट. आडव्या टाकीतून वायूऐवजी द्रव नळीत जातो आणि बर्नरवर भडका उडतो. रेग्युलेटर जास्त उघडला तर मिनिटभर आच वाढल्यासारखी वाटते आणि मग पहिल्यापेक्षाही खाली येते. मास्टर जेव्हा "चावी उघडली की बरं वाटतं, मग परत तेच" असं म्हणाला, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

खरा उपाय साधा आहे, थोडा खर्चिक आहे. गॅस एजन्सीच्या माणसाकडून दोन व्यावसायिक टाक्या एका मॅनिफोल्डवर, म्हणजे दोन्हींचा गॅस एकत्र आणणाऱ्या पाइपवर, जोडून घेतल्या, दोन्ही एकाच वेळी उघड्या. मागणी दोघींत वाटली गेली, पत्रा दुप्पट झाला, दोघीही गार पडायच्या आत गर्दी ओसरते. टाक्या उभ्या, सावलीत, मोकळ्या हवेत, आचेपासून लांब. तळणीची कढई वेगळ्या तिसऱ्या टाकीवर नेली. त्यानंतर साडेनऊची परीक्षा पुन्हा केली: १ मिनिट २५ सेकंद. (घरगुती लाल टाकी गाडीवर वापरू नका, ते बेकायदेशीर आहे आणि एवढ्या मोठ्या बर्नरपुढे ती आणखी लवकर गार पडते.)

एवढं केल्यावर नूडल्स मोकळे झाले का? बऱ्याच अंशी. पण शनिवारी पुन्हा तक्रार आली, आणि तेव्हा लक्षात आलं की आच अर्धी होती म्हणून आम्ही सॉसच्या चुकीकडे बघितलंच नव्हतं.

आमचा प्री-मिक्स असा होता: सोया सॉस, ग्रीन चिली सॉस, व्हिनेगर, मीठ, साखर, पांढरी मिरी, आणि लिटरमागे ४०० मिली पाणी. पाणी कशाला? तर मीठ विरघळत नाही आणि सॉस घट्ट पडतो म्हणून. प्लेटमागे ५० मिलीचा डाव. म्हणजे प्रत्येक प्लेटमध्ये २० मिली निव्वळ पाणी आपल्या हाताने ओतत होतो. चार प्लेट एकदम केल्या तर ८० मिली. ऐकायला थोडं वाटतं. पण पाणी गरम करणं आणि पाण्याची वाफ करणं यात फार फरक आहे. ८० मिली पाण्याची पूर्ण वाफ करायला जितकी उष्णता लागते, तितक्यात थंडीतलं अर्धा लिटर नळाचं पाणी उकळीला येतं. आमच्या परीक्षेच्या हिशेबाने पूर्ण आचेवर त्याला ४० सेकंद, आणि नऊनंतरच्या मंद आचेवर ८० सेकंद. तेवढा वेळ नूडल्स त्या पाण्यात उकळत राहतात, परतले जात नाहीत. हाफ बॉइल केलेले नूडल्स कढईत फुल बॉइल होतात.

आता पाणी नाही. ८५० मिलीच्या आसपास मिश्रणासाठी: डार्क सोया ३०० मिली, व्हिनेगर २५०, ग्रीन चिली सॉस २५०, मीठ ५० ग्रॅम, साखर ४० ग्रॅम, पांढरी मिरी १५ ग्रॅम. मीठ आणि साखर आधी नुसत्या व्हिनेगरमध्ये टाकून दुपारी हलवून ठेवायची, संध्याकाळपर्यंत विरघळते. मग बाकीचं. प्लेटला ३० मिलीचा डाव, साधारण २८ प्लेट होतात. सोया सॉसचा खारटपणा कंपनीप्रमाणे बदलतो, तेव्हा नवीन कॅन उघडला की पहिली प्लेट स्वतः चाखून मग मीठ ठरवायचं. आणि मिरी तळाला बसते, म्हणून बाटली दर वेळी हलवायची. न हलवता वापरली तर पहिल्या दहा प्लेट फिक्या आणि शेवटच्या दहा झणझणीत, आणि त्याचाही दोष मास्टरलाच.

कॉर्नफ्लोअर या बाटलीत कधीच घालू नये. तो ग्रेव्हीसाठी, वेगळ्या वाटीत, गार पाण्यात कालवून, शेवटी. एकच बाटली दोन्हीकडे चालावी म्हणून काही गाड्यांवर त्यातच कॉर्नफ्लोअर घालतात. मग नूडल्सवर चकचकीत गोंदासारखा थर येतो. पाणी साचल्यामुळे झालेला चिकटपणा आणि कॉर्नफ्लोअरचा चिकटपणा बोटांत वेगळा कळतो. पहिल्यात नूडल दाबला की पिचतो, दुसऱ्यात नूडल कडक राहतो आणि बोटाला लाळ लागल्यासारखं होतं.

माल किती टाकायचा, यावर मास्टरशी बरीच हुज्जत झाली. त्याचं म्हणणं, गर्दीत चार प्लेट एकदम केल्याशिवाय निभत नाही. मी म्हटलं, घड्याळ लावून बघू. चार प्लेट एकदम: साडेपाच मिनिटं, आणि तरीही तळाला पाणी. दोन-दोन प्लेट: प्रत्येक वेळी पावणेदोन मिनिटं, मधे कढई घासून पुन्हा तापवायला अर्धा मिनिट. म्हणजे चार मिनिटांत चार प्लेट आणि सगळ्या मोकळ्या. तो काही बोलला नाही, पण रविवारपासून दोनच टाकायला लागला. आमची कढई सोळा इंची आहे. अठरा इंची आणि जास्त ताकदीचा बर्नर असेल तर तीन चालतील. तेही आधी घड्याळ लावून बघा.

कढईतला क्रमही त्याने मला नव्याने दाखवला, आणि मी तो पोऱ्याला शिकवला. कढईतून पातळ धूर निघेपर्यंत थांबायचं. तेल, लगेच लसूण, पाच सेकंद. मग गाजर, ढोबळी मिरची, कोबी, पण मीठ नाही. मीठ आधी टाकलं की कोबी लगेच पाणी सोडते. भाज्या धुऊन पाण्यात बुडवून ठेवायच्या नाहीत, कोरड्या करून ठेवायच्या. अर्ध्या मिनिटात नूडल्स, झाऱ्याने खालून वर, एकदा-दोनदा पसरू द्यायचे म्हणजे बुडाला थोडे भाजतात. मग प्री-मिक्स, पण नूडल्सच्या डोक्यावर नाही. कढईच्या वरच्या कडेने गोल फिरवत ओतायचा. तो तापलेल्या लोखंडावरून घसरत खाली येतो, वाटेतच त्याचं पाणी उडतं आणि सोया थोडा करपतो. कँटोनीज लोक ज्याला वॉक हेई म्हणतात, त्या धुरकट वासातला मोठा भाग याच क्षणी येतो. नंतर दोन-तीन टॉस आणि उतरवायचे.

या क्षणी कान उघडे ठेवा. प्री-मिक्स कडेला लागला की कडक "चर्रर्र" असा आवाज यायला हवा आणि लगेच विरायला हवा. "बुडबुड" असा खालचा आवाज आला तर कढई गार पडलेली आहे. तेव्हा सॉस ओतणं थांबवा, माल कडेला सारा, मधलं लोखंड पंधरा-वीस सेकंद उघडं तापू द्या, मग उरलेला सॉस. एकदा पाणी साचलं की जास्त ढवळून ते जात नाही, उलट नूडल्स तुटतात. आच कमी करायची वेळ फक्त लसूण टाकताना येते, तीही चावीने नाही, कढई उचलून. चावी खाली-वर केली की बर्नरला परत जोर धरायला वेळ लागतो.

राइसला वेगळी अडचण आहे. ट्रेमधून काढलेला भात गोळे धरून असतो आणि कारागीर ते गोळे कढईत झाऱ्याने फोडत बसतो. तोपर्यंत कढई गार होते. म्हणून भात कढईत टाकण्याआधी ट्रेमध्येच हाताने मोकळा करायचा, हातावर तेलाचा थेंब घेऊन. शेजवान राइसला चटणी तेलात आधी परतायची, भातावर कच्ची घालायची नाही. शेजवान चटणीत पाणी कमी आणि तेल जास्त असल्यामुळे तिथे हा लगदा सहसा होत नाही. शेजवान मोकळा आणि हक्का ओला असं दिसलं तर आधी प्री-मिक्सच्या बाटलीकडे बघा. दोन्ही ओले दिसले तर टाकीला हात लावा.

आणि एक तक्रार अशी येते जिच्यात आमचा काही दोष नसतो, किंवा वेगळा असतो. बाकावर बसून खाणारा खूष, पार्सल नेणारा घरून फोन करतो की नूडल्स ओले आहेत. तेव्हा टाकी, सॉस, मास्टर, कोणालाच काही करू नका. कढईतून थेट डब्यात भरून झाकण दाबलं, की वाफ आतच थेंब होऊन परत नूडल्सवर पडते. आता पार्सलचा माल आधी मोठ्या थाळीत मिनिटभर पसरतो, पोऱ्या तोवर सॉसच्या पुड्या आणि चमचे भरतो, मग डबा. झाकणाच्या कोपऱ्यात सुरीच्या टोकाने एक भोक. तेवढ्या मिनिटाला घाईतलं गिऱ्हाईक कुरकुरतं, पण घरून फोन यायचे थांबले.